शनिवार-रविवारी सिंक बंद पडलं: व्यवस्थापनाला द्यायचा अहवाल कसा लिहावा

सोमवारी सकाळी व्यवस्थापनाला तीन गोष्टी हव्या असतात. नेमकं काय बिघडलं, किती नोंदींना धक्का लागला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. बहुतेक अहवाल पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतात, दुसऱ्यासाठी एक ढोबळ आकडा टाकतात आणि तिसऱ्यासाठी ‘मॉनिटरिंग वाढवू’ एवढं लिहून मोकळे होतात. खरी गोची दुसऱ्या प्रश्नात असते. नोंदी नीट मोजल्या नाहीत तर कारणही अर्धवट सापडतं आणि उपायही भलत्याच ठिकाणी लागतो.

इथे एक उदाहरण घेऊन सगळा अहवाल शेवटपर्यंत बांधून दाखवला आहे. उदाहरण रचलेलं आहे आणि आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यातले बिघाड रोजच्या कामात भेटणारे आहेत.

व्यवस्था आणि घटना

पुणे जिल्ह्यातला किराणा मालाचा एक वितरक धरा. सेल्समन दुकानोदुकानी फिरून मोबाइल ॲपवर ऑर्डर घेतात. ॲपचा डेटा क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातो. डेपोत बिलिंगचा वेगळा सर्व्हर आहे. दर १५ मिनिटांनी एक सिंक जॉब चालतो. तो नव्या आणि बदललेल्या ऑर्डरी उचलून बिलिंगच्या एपीआयला देतो. ऑर्डर पोचली की बिल आपोआप बनतं आणि नोंदणीकृत दुकान असेल तर सरकारच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवरून त्या बिलाचा आयआरएन क्रमांकही लगेच घेतला जातो. शनिवार-रविवारच्या ऑर्डरींचा माल सोमवारी सकाळी सातच्या गाड्यांत चढतो.

मागच्या वेळी कुठपर्यंत उचललं हे जॉब एका वेळेच्या रूपात लिहून ठेवतो. या खुणेला वॉटरमार्क म्हणतात. पुढच्या वेळी त्या वेळेनंतर बदललेल्या ऑर्डरीच उचलल्या जातात. या प्रकरणाचं अर्धं मूळ या एका आकड्यात आहे.

शनिवार, १३ जून २०२६ ला पहाटे साडेपाचला बिलिंग सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची मुदत संपली. रविवारी सकाळी १०:२० ला डेपोतून फोन आला की कालपासून एकही नवीन बिल आलेलं नाही. १०:४५ ला ऑन-कॉल अभियंत्याने जॉब थांबवला, ११:१० ला नवीन सर्टिफिकेट बसवलं, वॉटरमार्क मागे घेतला आणि ११:४० ला जॉब पुन्हा सुरू केला. बिलं धडाधड येऊ लागली. सगळ्यांना वाटलं, मिटलं. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास दुकानदारांचे फोन सुरू झाले: काहींना मालच मिळाला नव्हता, काहींना एकाच ऑर्डरची दोन बिलं आली होती.

अहवालाआधी पुरावा गोळा करा

पहिलं काम लॉग बाजूला काढण्याचं. अनेक सर्व्हरवर लॉग ठरावीक दिवसांनी किंवा ठरावीक आकारानंतर आपोआप पुसले जातात, आणि बिघाडात एरर इतक्या साचतात की आकाराची मर्यादा नेहमीपेक्षा लवकर गाठली जाते. म्हणून जॉबचा लॉग, बिलिंग सर्व्हरचा लॉग आणि वॉटरमार्क साठवलेला तक्ता, तिन्हींची प्रत घ्या. अभियंत्याने रविवारी टंकलेल्या कमांड सर्व्हरच्या हिस्टरीतून उचलून ठेवा. हे त्याच्यावर ठपका ठेवण्यासाठी नाही. दुरुस्तीच्या वेळी नेमकं काय टाइप केलं हे दोन दिवसांनी कुणालाच आठवत नाही, आणि पुढे दिसेल की निम्मं उत्तर तिथेच दडलेलं होतं.

दुसरं काम, दोन्ही बाजूंच्या नोंदींची जशीच्या तशी निर्यात. दुरुस्ती सुरू झाली की पुरावा बदलतो. दुबार बिल रद्द केल्यावर ते दुबार होतं हे दाखवायला यादीच लागते.

यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवू नका. दुबार बिलांचं घड्याळ चालू आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

घटनाक्रम: एकच घड्याळ धरा

ॲपचा सर्व्हर यूटीसी वेळ लिहितो, बिलिंग सर्व्हर भारतीय वेळ आणि माणसं व्हॉट्सॲपवर ‘सकाळी सकाळी’ लिहितात. अहवालात सगळं भारतीय वेळेत आणा आणि ते वरच सांगून टाका. लॉगमधली मूळ ओळ जिथे दाखवाल तिथे तिची यूटीसी वेळ तशीच ठेवून शेजारी भारतीय वेळ लिहा. यूटीसीत ५ तास ३० मिनिटं मिळवली की आपली वेळ येते.

सर्टिफिकेट नेमकं कधी संपलं हे अंदाजाने लिहू नका. रविवारी काढलेलं जुनं सर्टिफिकेट फाइलच्या रूपात असतंच, ते विचारा:

```
openssl x509 -in old-billing.crt -noout -enddate
notAfter=Jun 12 23:59:59 2026 GMT
```

इथे बरेच जण फसतात. तारीख १२ जून दिसते म्हणून ‘शुक्रवारी रात्री संपलं’ असं लिहिलं जातं. पण १२ जूनचं २३:५९:५९ जीएमटी म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटेचे ५:२९:५९. शुक्रवारी रात्रीच्या ऑर्डरी व्यवस्थित पोचल्या होत्या. चुकीची वेळ धरली असती तर त्या रात्रीच्या ऑर्डरी विनाकारण बाधित ठरल्या असत्या.

घटनाक्रमात आठ-दहा ओळी पुरतात. त्यात दोन अंतरं मात्र स्वतंत्र मांडा: पहिली ऑर्डर अडकल्यापासून कळेपर्यंतचा वेळ आणि कळल्यापासून सिंक पुन्हा चालू होईपर्यंतचा वेळ. आपल्या प्रकरणात पहिली ऑर्डर शनिवारी ८:१५ च्या फेरीत अडकली आणि रविवारी १०:२० ला कळलं, म्हणजे २६ तास ५ मिनिटं. दुरुस्तीला लागले १ तास २० मिनिटं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुरुस्तीच्या वेगावर खर्च करायचा की कळण्याच्या, याची चर्चाच उरत नाही.

बाधित नोंदी: वजाबाकी करून मोजू नका

सिंक बंद असलेल्या काळात, म्हणजे शनिवार ५:३० ते रविवार ११:४० मध्ये, ॲपवर ४१२ ऑर्डरी आल्या. सोमवारी सकाळी बिलिंगमध्ये त्या काळातल्या ३०४ ऑर्डरी दिसतात. घाईत असलेला माणूस लिहितो, ‘१०८ ऑर्डरी गहाळ’. हा आकडा चुकीचा आहे आणि घातकही आहे, कारण गहाळ नोंदी आणि दुबार नोंदी एकमेकींना झाकतात. इथे खरोखर गहाळ होत्या १३१. उरलेल्या २८१ पोचल्या, त्यातल्या २३ दोनदा पोचल्या, म्हणून बेरीज ३०४. फक्त एकूण संख्या जुळवली असती तर १३१ ऐवजी १०८ दुकानांचा शोध घेतला असता आणि २३ दुबार बिलांचा पत्ताही लागला नसता.

म्हणून जुळवणी ऑर्डर क्रमांकावर करायची. दोन्ही डेटाबेस वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तर बिलिंगची निर्यात एका तात्पुरत्या तक्त्यात भरून घ्या. आधी गहाळ नोंदी:

```sql
SELECT o.order_no
FROM app_orders o
LEFT JOIN billing_orders b
  ON b.app_order_no = o.order_no
WHERE o.created_at >= '2026-06-12 18:00+05:30'
  AND o.created_at <  '2026-06-14 20:00+05:30'
  AND b.app_order_no IS NULL;
```

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. वेळेच्या शेवटी `+05:30` लिहिलं आहे. ते नसेल तर डेटाबेस स्वतःच्या सेटिंगप्रमाणे अर्थ लावतो आणि निकाल साडेपाच तासांनी सरकतो. दुसरं, बिघाडाच्या दोन्ही बाजूंना काही तास जास्तीचे घेतले आहेत. कडेला एकही गहाळ नोंद सापडली नाही तर आपण धरलेली वेळ बरोबर आहे याची तीच खात्री.

मग दुबार:

```sql
SELECT app_order_no, COUNT(*)
FROM billing_orders
GROUP BY app_order_no
HAVING COUNT(*) > 1;
```

तिसरी तपासणी बहुतेक अहवालांतून सुटते: ऑर्डर दोन्हीकडे आहे, पण रक्कम वेगळी. शुक्रवारी पोचलेल्या सहा ऑर्डरींत दुकानदारांनी शनिवारी सकाळी फोन करून नग वाढवले किंवा कमी केले होते. सेल्समनने ॲपवर बदल केला, पण तो बदल बिलिंगला पोचलाच नाही. ऑर्डर क्रमांक दोन्हीकडे असल्यामुळे वरच्या दोन्ही क्वेरींत या सहा दिसत नाहीत. ऑर्डर क्रमांक जोडून दोन्हीकडची रक्कम शेजारी मांडली तरच सापडतात.

म्हणजे एकूण ४१८ नोंदींना बिघाडाचा स्पर्श झाला. त्यातल्या २५८ फक्त उशिरा पोचल्या. त्यांची बिलं शनिवारऐवजी रविवारी बनली, पण माल सोमवारच्याच गाड्यांत जायचा होता आणि तसाच गेला. खरा परिणाम झालेल्या नोंदी १६०: गहाळ १३१, दुबार २३, जुन्या रकमेच्या ६. अहवालात ही विभागणी ठळक हवी. ‘४१८ नोंदी बाधित’ असं लिहिलं तर विक्रीप्रमुख ४१८ दुकानांना फोन लावायला माणसं बसवतील. उशिरा पोचलेल्या नोंदींना निरुपद्रवी म्हणायला घाबरू नका. मात्र बिघाडाच्या मध्ये महिना बदलला असेल तर त्या निरुपद्रवी नसतात, कारण बिलाची तारीख पुढच्या महिन्यात जाते आणि जीएसटीचं विवरणपत्रही. इथे १३-१४ जून होते, म्हणून प्रश्न आला नाही.

गहाळ नोंदींचा आकार पाहा, कारण सापडेल

१३१ गहाळ ऑर्डरी वेळेनुसार लावल्या तर एक गंमत दिसते. त्या सगळ्या शनिवारच्या आहेत आणि ११ वाजण्याआधीच्या. ११ नंतरची एकही गहाळ नाही. ५:३० ते ११:०० म्हणजे नेमके साडेपाच तास. भारतात कुठल्याही डेटाच्या गोंधळात साडेपाच तासांची पट्टी दिसली की आधी यूटीसीकडे बोट दाखवायचं.

अभियंत्याची रविवारची कमांड काढून पाहिली तर वॉटरमार्क मागे घेताना असं लिहिलं होतं:

```sql
UPDATE sync_state
SET last_sync = '2026-06-13 05:30:00'
WHERE job = 'orders';
```

त्याच्या मनात पहाटेचे साडेपाच होते. जॉब हा स्तंभ यूटीसी म्हणून वाचतो. यूटीसीचे ५:३० म्हणजे आपले ११:००. जॉबने इमानेइतबारे ११ नंतरच्या ऑर्डरी उचलल्या आणि त्याआधीच्या १३१ तशाच राहिल्या. सहा ऑर्डरींमधले बदलही याच पट्टीत झाले होते, म्हणून तेही सुटले.

आता दुबार २३. त्यांची पहिली प्रत रविवारी ११:४० नंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बनलेली आहे आणि दुसरी त्यानंतर लगेच. एरवी एका फेरीत पाच-दहा ऑर्डरी जातात. त्या दिवशी साठा मोठा होता, म्हणून जॉबने ५० ची तुकडी पाठवली. बिलिंग सर्व्हर प्रत्येक ऑर्डर वेगळी साठवतो, ५० ची तुकडी एकत्र मंजूर किंवा एकत्र नामंजूर असं करत नाही. ३० सेकंदांचा टाइमआउट झाला तेव्हा २३ साठवून झाल्या होत्या. जॉबला उत्तर आलं नाही, म्हणून त्याने तुकडी फसली असं धरलं आणि त्याच ५० ऑर्डरी दहा-दहाच्या तुकड्यांत पुन्हा पाठवल्या. बिलिंगने ‘ही ऑर्डर आधी आली आहे का’ असं विचारलं नाही आणि नवीन क्रमांकाने दुसरं बिल बनवलं.

मूळ कारण: एक ओळ पुरत नाही

‘सर्टिफिकेट एक्स्पायर झाल्यामुळे सिंक बंद पडलं.’ हे वाक्य खरं आहे, पण मूळ कारण म्हणून अपुरं आहे. स्वतःला विचारा, फक्त सर्टिफिकेटच संपलं असतं आणि बाकी सगळं जसं असायला हवं तसं असतं, तर काय झालं असतं? ४१२ ऑर्डरी रांगेत थांबल्या असत्या, रविवारी आपोआप गेल्या असत्या आणि एकही गहाळ किंवा दुबार झाली नसती. म्हणजे सर्टिफिकेटमुळे उशीर झाला. नुकसान दुसऱ्या कशाने तरी झालं.

ते दुसरं काहीतरी जॉबच्या लॉगमध्ये ढळढळीत आहे:

```
2026-06-13T02:45:04Z ERROR certificate has expired
2026-06-13T02:45:04Z INFO  sent=0 failed=7 status=OK
2026-06-13T02:45:04Z INFO  last_sync=2026-06-13T02:45:00Z
```

आपल्या वेळेत सकाळी ८:१५. सातपैकी सात ऑर्डरी फसल्या, तरी जॉबने स्वतःला ‘ओके’ म्हटलं आणि वॉटरमार्क पुढे सरकवला. पुढच्या फेरीने त्या सात ऑर्डरींकडे पाहिलंच नाही. त्या मागे पडल्या. रविवारपर्यंत हेच चालू राहिलं. स्टेटस ‘ओके’ असल्यामुळे अलर्टही वाजला नाही, कारण अलर्ट जॉब अयशस्वी झाला तरच वाजणार होता. वॉटरमार्क पुढे गेला नसता तर तो हाताने मागे घ्यायची वेळच आली नसती आणि यूटीसीची चूकही घडली नसती.

अहवालात कारणं अशी लावा की प्रत्येक कारणापुढे त्यामुळे बिघडलेल्या नोंदी दिसतील:

| कारण | परिणाम | नोंदी |
|---|---|---|
| सर्टिफिकेट संपलं | फक्त उशीर | २५८ |
| फसलेल्या ऑर्डरींवरूनही वॉटरमार्क पुढे, मग हाताने यूटीसीची चूक | गहाळ | १३१ |
| तेच | जुनी रक्कम | ६ |
| टाइमआउटनंतर पुन्हा पाठवणी, दुबार ओळखायची सोय नाही | दुबार बिल | २३ |

या तक्त्याची बेरीज ४१८ आली तरच कारणमीमांसा पूर्ण झाली असं समजा. एखादी नोंद कुठल्याच कारणात बसत नसेल तर अजून एक बिघाड सापडायचा बाकी आहे.

अभियंत्याचं नाव लिहू नका, ‘ऑन-कॉल अभियंता’ पुरे. पण चूक लपवूही नका. ‘वॉटरमार्क भारतीय वेळेत भरला गेला, यंत्रणेने तो यूटीसी म्हणून घेतला आणि कुठेही हटकलं नाही’ असं लिहिलं की माणसाची चूक आणि यंत्रणेची उणीव दोन्ही समोर येतात.

दुबार बिलांचं घड्याळ

हा भाग आयटीच्या अहवालात सहसा नसतो, पण व्यवस्थापनाला सगळ्यात आधी हाच लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना नोंदणीकृत ग्राहकांच्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्याच क्रमांकाचं बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर पोर्टल नाकारतं. पण आपल्या बिलिंगने दुबार बिलाला नवीन क्रमांक दिला होता, म्हणून पोर्टलने ते वेगळं बिल समजून त्यालाही आयआरएन दिला. सरकारच्या नोंदीत आता एका विक्रीच्या दोन विक्री आहेत.

आयआरएन रद्द करायला तो मिळाल्यापासून २४ तास असतात. दुबार बिलं रविवारी ११:४० नंतर बनली, म्हणजे मुदत सोमवारी पावणेबाराच्या आसपास संपायला लागते. सकाळी नऊला कळलं तर हातात पावणेतीन तास. म्हणून पूर्ण अहवालाची वाट न पाहता दहाच्या आत दुबारची यादी अकाउंट्सकडे गेली पाहिजे. त्या मालावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, नाहीतर आयआरएन रद्द होत नाही. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही.

आपल्या २३ पैकी १४ बिलं नोंदणीकृत दुकानांची होती. अकरा वेळेत रद्द झाली. तिघांचा दुप्पट माल सकाळी सातच्या गाडीने पोचलाही होता. तिथे बिल रद्द करून चालत नाही, कारण माल खरंच गेला आहे. तो परत घेऊन क्रेडिट नोट काढायची आणि तिचीही ई-इनव्हॉइस पोर्टलवर नोंद करायची. उरलेली नऊ बिलं अनोंदणीकृत दुकानांची. ती बिलिंगमध्येच रद्द झाली, आयआरएनचा प्रश्न नव्हता.

पैशांचा परिणाम लिहिताना अडकलेली रक्कम आणि गेलेली रक्कम वेगळी ठेवा. गहाळ १३१ ऑर्डरींची किंमत ९,७४,२५० रुपये. त्यातल्या ११८ सोमवार-मंगळवारी पाठवल्या. तेरा दुकानदारांनी तोवर दुसरीकडून माल घेतला आणि ८२,६०० रुपयांच्या ऑर्डरी रद्द केल्या. म्हणजे गमावलेली विक्री ८२,६०० रुपये. ‘पावणेदहा लाखांचं नुकसान’ हे वाक्य एकदा बैठकीत फिरलं की परत घेता येत नाही.

याच ठिकाणी एक ओळ हेही सांगते की हा सायबर हल्ला नव्हता आणि डेटा बाहेर गेलेला नाही. ती ओळ लॉग पाहूनच लिहा. अनधिकृत प्रवेशाची शंका असेल तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं आणि मग या अहवालाची वाट पाहता येत नाही.

प्रतिबंध: प्रत्येक उपायाला कारण, मालक आणि चाचणी

उपाय कारणांच्या तक्त्यावरून यावेत. तक्त्यात नसलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ नवा सर्व्हर किंवा नवं सॉफ्टवेअर, याच अहवालाच्या अंगावरून मंजूर करून घ्यायचा मोह टाळा.

सगळ्यात आधी वॉटरमार्क. तुकडीतली एकही ऑर्डर फसली तर वॉटरमार्क त्या ऑर्डरच्या पुढे जाऊ नये. पण त्यात एक अडचण आहे: एखादी ऑर्डर कायमचीच सदोष असेल, समजा दुकानाचा कोडच चुकीचा, तर सगळं सिंक तिच्यापाशी अडून बसेल. म्हणून ठरावीक प्रयत्नांनंतर, समजा पाच, ती वेगळ्या तक्त्यात काढून ठेवायची आणि त्या तक्त्यात काही पडलं की अलर्ट. मात्र तुकडीतल्या सगळ्याच ऑर्डरी फसत असतील तर दोष ऑर्डरींचा नाही, पलीकडच्या सर्व्हरचा आहे. तेव्हा काहीही बाजूला न काढता थांबून राहायचं.

दुबार रोखण्याचं काम डेटाबेसवर सोपवा:

```sql
ALTER TABLE billing_orders
ADD CONSTRAINT uq_app_order UNIQUE (app_order_no);
```

तक्त्यात २३ दुबार ओळी असताना ही कमांड चालणार नाही, म्हणून आधी सफाई. आणि रद्द केलेली बिलं तक्त्यात ‘रद्द’ म्हणून राहत असतील तर हे बंधन फक्त चालू बिलांपुरतं लावावं लागेल. शिवाय एपीआयने दुसऱ्यांदा आलेल्या ऑर्डरला एरर द्यायची नाही. आधीच्या बिलाचा क्रमांक परत द्यायचा. एरर दिली तर जॉब पोचलेल्या ऑर्डरीलाच फसलेली समजून पुन्हा पुन्हा पाठवत राहील.

वॉटरमार्क हाताने बदलायची गरज कधीतरी पडणारच. त्यासाठी थेट `UPDATE` बंद करून एक छोटी कमांड द्या, जी `+05:30` किंवा `Z` नसलेली वेळ नाकारते आणि चालण्याआधी ‘किती ऑर्डरी जातील’ हा आकडा दाखवते. रविवारी ४१२ ऐवजी २८१ दिसले असते तर तिथेच हात थांबला असता.

सर्टिफिकेटसाठी ‘कॅलेंडरवर आठवण’ हा उपाय मंजूर करू नका. मार्च २०२६ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवसांवर आली, मार्च २०२७ मध्ये ती १०० आणि मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते. वर्षातून एकदाचं काम आठ-नऊ वेळा करावं लागणार. शिवाय लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपण्याच्या ईमेल पाठवणं बंद केलं आहे. म्हणून नूतनीकरण आपोआप हवं आणि त्यावर वेगळी नजरही हवी:

```
openssl s_client -connect billing.example.in:443 \
  -servername billing.example.in </dev/null 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -checkend 1814400
```

१८,१४,४०० सेकंद म्हणजे २१ दिवस. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर कमांड १ हा एक्झिट कोड देते आणि त्यावर अलर्ट लावता येतो. तपासणी नेटवर्कवरून करायची, सर्व्हरवरची फाइल पाहून नाही. फाइल नवीन आली पण वेब सर्व्हर रीलोड झाला नाही, तर तो जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो. फाइल पाहणारी तपासणी अशा वेळी ‘सगळं ठीक’ म्हणते. ४७ दिवसांचा काळ आला की २१ चा आकडा कमी करावा लागेल, नाहीतर अलर्ट जवळजवळ निम्मा वेळ वाजत राहील.

शेवटी कळण्याचा वेळ, ते २६ तास. ‘जॉब ओके’ या स्टेटसवर विश्वास ठेवून उपयोग नाही. दर अर्ध्या तासाला गेल्या २४ तासांचे ऑर्डर क्रमांक दोन्हीकडे जुळवायचे आणि अर्ध्या तासाहून जुनी एखादी ऑर्डर जरी बिलिंगमध्ये नसेल तर अलर्ट. हा अलर्ट ईमेलवर पाठवला तर सोमवारीच वाचला जाईल. तो शनिवार-रविवारच्या पाळीवरच्या माणसाच्या फोनवर वाजला पाहिजे, आणि १५ मिनिटांत कुणी घेतला नाही तर दुसऱ्याच्या.

अहवालात प्रत्येक उपायापुढे जबाबदार पद, तारीख आणि ‘झालं हे कसं कळेल’ असा रकाना ठेवा. तिसरा रकाना भरताना ‘पूर्ण’ लिहू नका, चाचणी लिहा: चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावून तासाभरात फोन वाजला, दुरुस्तीनंतर सगळ्या ऑर्डरी एकदाच पोचल्या. ‘यापुढे असं होणार नाही’ असंही लिहू नका. सर्टिफिकेट पुन्हा कधीतरी संपेल. ते संपलं तर तासाभरात कळेल आणि ऑर्डर हरवणार नाही, एवढंच तुम्ही देऊ शकता.

वरचा परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहा

व्यवस्थापन बहुधा पहिला परिच्छेदच वाचतं, म्हणून तो सगळे आकडे पक्के झाल्यावर लिहायचा. आपल्या प्रकरणात तो असा:

> शनिवार १३ जून पहाटे ५:३० ते रविवार १४ जून सकाळी ११:४० ॲपवरच्या ऑर्डरी बिलिंगला पोचल्या नाहीत. ४१८ नोंदींपैकी २५८ फक्त उशिरा पोचल्या, त्यांचा परिणाम नाही. १३१ ऑर्डरी सोमवारच्या गाड्यांत गेल्या नाहीत, २३ ची दुबार बिलं बनली, ६ जुन्या रकमेने गेल्या. ८२,६०० रुपयांच्या १३ ऑर्डरी रद्द झाल्या. दुबार २३ पैकी २० बिलं रद्द, ३ साठी क्रेडिट नोट. सुरुवात सर्टिफिकेट संपल्याने झाली, पण ऑर्डरी हरवल्या त्या फसलेल्या नोंदी सोडून पुढे जाणाऱ्या जॉबमुळे आणि दुरुस्तीतल्या वेळेच्या चुकीमुळे. पाच उपाय खाली, मालक आणि तारखांसह.

सोमवारी दहाला एवढं सगळं हातात नसतं. तेव्हा फक्त बिघाडाची वेळ, दुबारची यादी आणि ‘गहाळ ऑर्डरींची संख्या दुपारी एकपर्यंत’ एवढ्या तीन ओळी पाठवा. पूर्ण अहवाल बुधवारी. मधल्या काळात आकडा बदलला तर जुना आकडा खोडून टाकू नका. ‘सोमवारी १०८ कळवले होते, जुळवणीनंतर १३१’ असं लिहा, कारण विक्री विभागाकडे अजून १०८ चीच यादी असेल आणि उरलेली २३ दुकानं अजून मालाची वाट पाहत असतील.